पहिला चतुर्थक २१ की २२? हाताने काढलेलं उत्तर आणि एक्सेलचं उत्तर जुळत नाही तेव्हा



माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. पट लहान, फक्त १० मुलं. गेल्या महिन्यात प्रत्येकाकडून एक मिनिट उतारा वाचून घेतला आणि बरोबर वाचलेले शब्द मोजले. ते चढत्या क्रमाने असे आले :

१२, १८, २१, २५, ३०, ३४, ३८, ४७, ५२, ६०

शाळेत आमचं असं ठरलं होतं, की पहिल्या चतुर्थकाच्या खाली जी मुलं येतील त्यांना रोज अर्धा तास जादा वाचन सराव द्यायचा. मी वहीत हाताने पहिला चतुर्थक काढला, तो आला २१. शेजारच्या वर्गाच्या सरांनी हीच यादी एक्सेलमध्ये टाकली, त्यांना मिळालं २२. घरी गेल्यावर भाचीला सहज विचारलं, ती अकरावी कॉमर्सला आहे. तिने तिच्या पुस्तकातल्या सूत्राने सोडवून दाखवलं २०.२५.

एक यादी आणि तीन उत्तरं. आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. दोनदा पुन्हा काढलं, तरी तेच. फरक एकाचाच आहे, सोडून द्यावा असंही वाटलं. पण बघा, "२१ पेक्षा कमी" म्हटलं तर जादा सरावाला दोन मुलं येतात, १२ वालं आणि १८ वालं. "२२ पेक्षा कमी" म्हटलं तर तिसरंही येतं. म्हणजे २१ शब्द वाचणाऱ्या त्या मुलाला सराव मिळणार की नाही, हे आम्ही कोणती पद्धत वापरली यावर ठरणार होतं. म्हणून नीट मुळाशी जाऊन बघितलं. तेच आज लिहितेय.

आधी हाताने

मध्यक आपण सगळेच शिकवतो. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी. आपल्या यादीत पाचवा ३० आणि सहावा ३४, म्हणून मध्यक ३२. मध्यक यादीचे दोन भाग करतो, तर तीन चतुर्थक मिळून तिचे चार भाग करतात. दुसरा चतुर्थक म्हणजेच मध्यक, त्यामुळे खरं काम पहिल्या आणि तिसऱ्याचंच उरतं.

मी जी पद्धत वापरली ती कागदाची घडी घालण्यासारखी आहे. यादी मध्यकाशी दुमडली की खालचा अर्धा भाग मिळतो १२, १८, २१, २५, ३० आणि वरचा ३४, ३८, ४७, ५२, ६०. आता प्रत्येक अर्ध्याचा पुन्हा मध्यक काढायचा. खालच्याचा २१, वरच्याचा ४७. झालं. पहिला चतुर्थक २१, तिसरा ४७. मुलांना समजवायला ही पद्धत सगळ्यात सोपी, कारण यात नवीन सूत्रच नाही, मध्यकच तीनदा काढायचा आहे.

भाचीच्या पद्धतीत आधी क्रमांक काढतात, मग किंमत. पहिल्या चतुर्थकाचा क्रमांक (n + १) ÷ ४. इथे n म्हणजे १०, म्हणून ११ ÷ ४ = २.७५. आपल्या भाषेत सांगायचं तर रांगेतलं पावणेतिसरं मूल! असं मूल अर्थातच नसतं. मग दुसऱ्या मुलापासून तिसऱ्याकडे पाऊण अंतर चालायचं. दुसऱ्याचे शब्द १८, तिसऱ्याचे २१, अंतर ३. त्याचं पाऊण २.२५. म्हणून १८ + २.२५ = २०.२५. तिसऱ्या चतुर्थकाचा क्रमांक याच्या तिप्पट, ८.२५. आठव्याचे ४७, नवव्याचे ५२, अंतर ५, त्याचं पाव १.२५. म्हणून ४८.२५.

इथे एक चूक हमखास होते. मुलंच काय, मोठेही २.७५ हेच उत्तर म्हणून लिहून मोकळे होतात. २.७५ हा रांगेतला नंबर आहे, वाचलेले शब्द नाहीत. पडताळा सोपा आहे. ज्या यादीत सगळ्यात लहान आकडा १२ आहे, तिचा चतुर्थक २.७५ कसा असेल? दुसरी चूक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने न लावताच मोजायला लागणं. एक्सेल ते आतल्या आत लावून घेतं, आपली वही घेत नाही.

आता सरांचं एक्सेल. त्यांनी QUARTILE वापरलं होतं. त्याचा क्रमांक काढायचा नियम वेगळा आहे : १ + (n − १) ÷ ४. म्हणजे १ + ९ ÷ ४ = ३.२५, सव्वातिसरं मूल. तिसऱ्याचे २१, चौथ्याचे २५, अंतर ४, त्याचं पाव १. म्हणून २२. तिसऱ्या चतुर्थकाला १ + २७ ÷ ४ = ७.७५. सातव्याचे ३८, आठव्याचे ४७, अंतर ९, त्याचं पाऊण ६.७५. म्हणून ४४.७५.

तर तिघांनीही बरोबरच काढलं होतं. फक्त भाची पावणेतीनवर थांबली, मी तीनवर आणि सर सव्वातीनवर.

भांडण कशाचं आहे?

मला हे कळलं ते मुलांना उंचीनुसार रांगेत उभं केल्यावर. खडूने जमिनीवर रेघ मारली, १० मुलं सारख्या अंतरावर उभी केली आणि म्हटलं, "आता या रांगेचे चार सारखे भाग करा." एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, रेघ कुठून कुठपर्यंत धरायची?"

सगळं भांडण तिच्या या प्रश्नातच आहे.

रेघ पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत धरली तर १० मुलांमध्ये ९ फटी होतात. कुंपणाचे १० खांब असले की मधली अंतरं ९, तसंच. ९ फटींचा पाव भाग म्हणजे सव्वादोन फटी. पहिल्या मुलापासून सव्वादोन फटी पुढे गेलो की आपण सव्वातीनवर पोहोचतो. हे झालं सरांचं उत्तर. या मोजणीत सगळ्यात कमी वाचणारं मूल बरोबर ० वर आणि सगळ्यात जास्त वाचणारं बरोबर १०० वर बसतं. जग या वर्गातच सुरू होतं आणि इथेच संपतं.

दुसरा विचार असा, की ही १० मुलं म्हणजे काही सगळी मुलं नव्हेत. १२ पेक्षा कमी वाचणारं एखादं मूल दुसऱ्या गावात असेल, ६० पेक्षा जास्त वाचणारंही असेल. म्हणून रेघ दोन्ही टोकांना एकेक फट पुढे न्यायची. आता फटी ११ झाल्या. ११ चा पाव भाग पावणेतीन. भाचीच्या सूत्रातला "n + १" तो हाच. नुसतं पाठ केलं तर तो अधिक एक कुठून आला ते कळत नाही. रेघेवर मात्र तो दिसतो.

माझी घडीची पद्धत या दोघांच्या मधली निघाली, आणि तीही अगदी मधोमध. आकडे सम असतील तर घडीचा क्रमांक नेहमी त्या दोन क्रमांकांच्या बरोबर मध्ये येतो. इथे पावणेतीन आणि सव्वातीनच्या मध्ये तीन आला, तसा. आकडे विषम असतील तर वेगळीच गंमत होते. समजा ११ मुलं असती, तर सहावं मूल स्वतःच मध्यक. मग घडी घालताना त्याला खालच्या अर्ध्यात घ्यायचं, की बाहेर ठेवायचं? बाहेर ठेवलं तर खाली ५ मुलं उरतात आणि चतुर्थक तिसऱ्या मुलावर येतो. भाचीचं सूत्रही १२ ÷ ४ = ३ च सांगतं. त्याला दोन्ही अर्ध्यांत घेतलं तर खाली ६ मुलं होतात आणि चतुर्थक साडेतीनवर जातो. एक्सेलचा QUARTILE सुद्धा तेच सांगतो, १ + १० ÷ ४ = ३.५. विषम यादीत मधल्या मुलाला वगळलं की एक पद्धत, धरलं की दुसरी.

एक्सेलमध्ये या दोन्ही पद्धती आहेत. २०१० च्या आवृत्तीपासून त्यांना वेगवेगळी नावं मिळाली :

```
=QUARTILE.INC(A1:A10,1)
=QUARTILE.EXC(A1:A10,1)
```

पहिल्याचं उत्तर २२, दुसऱ्याचं २०.२५. INC म्हणजे टोकं धरून, EXC म्हणजे टोकं सोडून. जुनं साधं QUARTILE हे INC सारखंच चालतं. पण एका एक्सेलमध्येच फसायला होतं. त्यातला बॉक्स-अँड-व्हिस्कर आलेख आपण काही बदल केला नाही तर मध्यक वगळणारी पद्धत घेतो. म्हणजे शेजारच्या चौकटीत QUARTILE ने काढलेला आकडा एक आणि आलेखातल्या डब्याची कड दुसऱ्याच ठिकाणी. सरांनी आलेखही काढला होता, म्हणून हे लक्षात आलं.

इतर साधनांचंही असंच आहे. पायथनमध्ये statistics.quantiles काही न सांगता चालवलं तर भाचीचं उत्तर देतं आणि त्याच पायथनमध्ये numpy.percentile सरांचं. आर नावाच्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये quantile ला १ ते ९ पैकी पद्धतीचा नंबर सांगता येतो, नाही सांगितला तर ते सातवी, म्हणजे सरांची पद्धत घेतं. हे नऊ प्रकार रॉब हाइंडमन आणि यानान फॅन या दोघांनी १९९६ मध्ये एका लेखात एकत्र मांडले. वेगवेगळी सॉफ्टवेअर वेगवेगळी उत्तरं देतात, हाच त्यांच्या लेखाचा विषय होता. तर आपण तिघंच काही गोंधळलेलो नव्हतो!

तुमच्या मोबाइलमधलं किंवा संगणकावरचं साधन कोणती पद्धत वापरतं हे ओळखायचं असेल तर त्यात फक्त १, २, ३, ४ हे चार आकडे टाका आणि पहिला चतुर्थक विचारा. १.७५ आलं तर टोकं धरून, १.२५ आलं तर टोकं सोडून, आणि १.५ आलं तर घडीची पद्धत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि नंतरचा बराच वाद वाचतो.

फरक किती मोठा असू शकतो?

पावणेतीन आणि सव्वातीन यांत अर्ध्या पायरीचा फरक आहे. तुम्ही १० मुलं घ्या नाहीतर ३००, चतुर्थकासाठी हा फरक अर्ध्या पायरीचाच राहतो. ३०० मुलांत एक पद्धत ७५.२५ वर थांबते, दुसरी ७५.७५ वर. मध्यकाला तर फरक शून्य, तिथे सगळ्यांचं एकमत.

मग उत्तरातला फरक कशावर ठरतो? त्या जागी शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांमध्ये किती अंतर आहे यावर. ३०० मुलांच्या यादीत पंचाहत्तरावं आणि शहात्तरावं मूल बहुधा एकाच आकड्यावर असतं, त्यामुळे पद्धत कुठलीही घ्या, उत्तर तेच. लहान यादीत शेजारी लांब लांब असतात. आपल्याच यादीत बघा. खालच्या बाजूला शेजाऱ्यांमध्ये ३-४ शब्दांचं अंतर, म्हणून पहिल्या चतुर्थकाची उत्तरं २०.२५ ते २२. वरच्या बाजूला ३८ वरून एकदम ४७, म्हणून तिसऱ्या चतुर्थकाची उत्तरं ४४.७५ ते ४८.२५, साडेतीन शब्दांचा फरक.

शतमकात हे आणखी ठळक दिसतं. शतमक म्हणजे तीच रेघ, फक्त चारऐवजी १०० भाग. ९० वा शतमक काढू. टोकं धरून क्रमांक १ + ९ × ०.९ = ९.१, म्हणून ५२ + ०.८ = ५२.८. टोकं सोडून क्रमांक ११ × ०.९ = ९.९, म्हणून ५२ + ७.२ = ५९.२. तब्बल ६.४ शब्दांचा फरक! जसजसं टोकाकडे जाऊ तसतसा दोन पद्धतींमधला फरक अर्ध्या पायरीवरून एका पायरीकडे सरकतो. आता ९५ वा शतमक विचारून बघा. PERCENTILE.INC ५६.४ सांगतं, पण PERCENTILE.EXC उत्तरच देत नाही, #NUM! दाखवतं. कारण ११ × ०.९५ = १०.४५, आणि दहाव्या मुलाच्या पुढे रांगेत कोणीच उभं नाही. मला हा एरर प्रामाणिक वाटतो. १० मुलांच्या वर्गात "९५ वा शतमक" विचारण्यात तसाही काही अर्थ नाही.

पालकांसाठी : सीईटीचा पर्सेंटाइल

एका पालकांनी मला विचारलं होतं, "मॅडम, थोरलीला ९२ पर्सेंटाइल पडलेत, म्हणजे ९२ टक्केच ना?" नाही. तो प्रश्न वरच्या प्रश्नाच्या उलटा आहे. वर आपण रांगेतली जागा ठरवून तिथला आकडा शोधत होतो. सीईटी किंवा जेईई मेनमध्ये गुण आधीच माहीत असतात आणि रांगेतली जागा शोधायची असते. त्यासाठी त्या सत्रात तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ते मोजतात, त्या सत्राला बसलेल्या एकूण मुलांनी भागतात आणि १०० ने गुणतात. ९२ पर्सेंटाइल म्हणजे दर शंभरातली साधारण ८ मुलं तिच्या पुढे आहेत. पेपरात तिला किती टक्के मिळाले, ते यावरून कळत नाही.

आपल्या वर्गात ५२ शब्द वाचणाऱ्या मुलीला या रीतीने १० पैकी ९, म्हणजे ९० पर्सेंटाइल. एक्सेलचं PERCENTRANK.INC तिला ०.८८८ देतं (९ पैकी ८ फटी) आणि PERCENTRANK.EXC ०.८१८ (११ पैकी ९). इथेही मुलगी तीच आहे, रेघ तेवढी बदलली. सीईटीला मुलं इतकी असतात की व्याख्येमुळे पडणारा असा फरक नगण्य होतो. शाळेतल्या चाचणीच्या निकालपत्रकावर मात्र "पर्सेंटाइल" छापलेला दिसला, तर आधी विचारा की मुलं किती होती.

मग वर्गात काय करायचं?

मी मुलांना घडीची पद्धतच शिकवते. अकरावीच्या परीक्षेला (n + १) चं सूत्र लिहायचं, कारण तपासणारा तेच उत्तर शोधणार. एक्सेलने काढलं तर उत्तराशेजारी INC की EXC ते लिहायचं. आणि तुलना करायची असेल, या महिन्याची मागच्या महिन्याशी किंवा एका वर्गाची दुसऱ्याशी, तर दोन्हीकडे पद्धत एकच हवी. नाहीतर मुलं होती तिथेच असतात आणि कागदावर मात्र "प्रगती" दिसते.

आणि तो २१ वाला मुलगा? त्याच्यासाठी आम्ही चतुर्थक बाजूला ठेवला. एक तर १८, २१ आणि २५ शब्दांची तिन्ही मुलं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की उद्या उतारा बदलला तर त्यांचा क्रम बदलेल. त्यांच्या मधून रेघ ओढायला आकड्यांचा आधार नाही. दुसरं म्हणजे चतुर्थकाच्या खाली कोणी ना कोणी बहुतेक वेळा असणारच. पुढच्या वर्षी सगळीच मुलं ६० च्या वर वाचायला लागली, तरी त्यातली दोन-तीन "पहिल्या चतुर्थकाखाली" दिसतील, आणि सगळीच कमी वाचत असतील तरीही दोन-तीनच दिसतील. यादीत खरी मोठी फट ३८ आणि ४७ च्या मध्ये आहे, खाली नाही. मी सरांना म्हटलं, "सर, आपण शब्दांचीच मर्यादा ठरवू या." ती ३० ठेवली. ३० पेक्षा कमी वाचणारी चार मुलं आता सरावाला बसतात. २५ वाल्या मुलीला आधी थोडा राग आला होता, आता तीच १२ वाल्याला जोडाक्षरं वाचून दाखवते.

सरावासाठी एक यादी देते : ३, ५, ८, ९, १२, १६, १७, २५. तिन्ही पद्धतींनी पहिला आणि तिसरा चतुर्थक काढून बघा. घडीने ६.५ आणि १६.५ यायला हवेत, टोकं सोडून ५.७५ आणि १६.७५, टोकं धरून ७.२५ आणि १६.२५. पहिल्या चतुर्थकात फरक दीडचा आणि तिसऱ्यात फक्त अर्ध्याचा का, ते मुलांनाच विचारा. ५ आणि ८ कडे बोट दाखवलं, मग १६ आणि १७ कडे, की कोणीतरी सांगेलच.